करडईच्या तेलातले ३५.१५ मिनिटांचे शिखर: प्रबंधात नेमके काय लिहावे?

कुसुम_परभणी

नमस्कार. मी परभणीत अन्नतंत्रज्ञान विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. लाकडी घाण्यावर काढलेल्या करडईच्या तेलातील मेदाम्ले हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. तेलाचे मिथाइल एस्टर करून ते बाहेरच्या एका प्रयोगशाळेत जीसी-एफआयडीवर तपासून घेतले. कॉलम १०० मीटर लांबीचा, सायनोप्रोपिल प्रकारचा होता. अहवालात क्रोमॅटोग्राम आहे आणि सोबत शिखरांचा तक्ता आहे. तक्त्यानुसार लिनोलिक ७६.१ टक्के, ओलिक १३.६, पामिटिक ६.७ आणि स्टिअरिक २.४ टक्के आहे. त्यानंतर दोन लहान शिखरे दिसतात. पहिले ३४.०६ मिनिटांना असून त्याला अरॅकिडिक असे नाव दिले आहे आणि त्याचे क्षेत्रफळ ०.३५ टक्के आहे. दुसरे ३५.१५ मिनिटांना असून त्याला लिनोलेनिक म्हटले आहे आणि त्याचे क्षेत्रफळ ०.३१ टक्के आहे.

मी प्रबंधात असे लिहिले: "३५.१५ मिनिटांना लिनोलेनिक आम्ल आढळले. शुद्ध करडईच्या तेलात ते जवळजवळ नसते, त्यामुळे नमुन्यात सोयाबीन तेलाची भेसळ आहे." मार्गदर्शकांनी या दोन्ही वाक्यांखाली रेघ ओढून "कशावरून?" एवढेच लिहिले आहे. अहवालात नाव छापलेले असताना आणखी काय सांगणे अपेक्षित आहे, हे कृपया कोणी सांगावे.

प्राध्यापक_लातूर

आपल्या दोन वाक्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. ३५.१५ मिनिटांना एक शिखर आहे, ही पाहिलेली गोष्ट. ते शिखर लिनोलेनिक आम्लाच्या मिथाइल एस्टरचे आहे, ही ओळख. तेलात सोयाबीन मिसळले आहे, हा निष्कर्ष. या तिन्हींना लागणारा पुरावा वेगवेगळा असतो. आपण पहिल्या गोष्टीच्या पुराव्यावर तिसरी सांगितली, म्हणून रेघ ओढली गेली असावी. शिवाय कॉलममधून आम्ल गेलेले नाही, त्याचा एस्टर गेला आहे, तेव्हा वाक्यात "मिथाइल लिनोलेनेट" असे हवे. कॉलमची लांबी, तापमानाचा क्रम आणि वाहक वायू यांचा उल्लेख नसेल तर ३५.१५ हा आकडा वाचणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही, कारण दुसऱ्या कॉलमवर तोच पदार्थ वेगळ्याच मिनिटाला येईल.

वाळूज_एचपीएलसी

मी औषधनिर्मितीत आहे आणि रोज क्रोमॅटोग्रामच पाहतो. आमच्याकडे नुसत्या रिटेंशन टाइमवर कोणी भरवसा ठेवत नाही. सगळ्यात मोठ्या शिखराची वेळ १ धरतात, इतर शिखरांच्या वेळांना तिने भागतात आणि तो सापेक्ष रिटेंशन टाइम प्रमाण मिश्रणाच्या आकड्याशी ताडून पाहतात. ताई, त्या प्रयोगशाळेकडून प्रमाण मिश्रणाचा क्रोमॅटोग्राम मागवून घ्या. त्यात लिनोलिक, लिनोलेनिक आणि त्यांच्या आसपासचे पदार्थ कोणत्या मिनिटाला आले ते येथे द्या, भागाकार मी करतो.

कुसुम_परभणी

मागवून घेतला, सर. प्रमाण मिश्रणात स्टिअरेट ३०.५२, लिनोलिएट ३३.४२, अरॅकिडेट ३३.९४, आयकोसेनोएट ३५.०२, लिनोलेनेट ३५.३१ आणि बेहेनेट ३६.९० मिनिटांना आहे. माझ्या नमुन्यात स्टिअरेट ३०.६३, लिनोलिएट ३३.६८, अरॅकिडेट ३४.०६, वादातले शिखर ३५.१५ आणि बेहेनेट ३७.०२ मिनिटांना आले. प्रयोगशाळेशी बोलल्यावर असे कळले की त्यांच्या संगणकातील नावांच्या यादीत आयकोसेनोएट घातलेलेच नव्हते.

वाळूज_एचपीएलसी

मग चित्र स्पष्ट आहे. लिनोलिएटला १ धरले तर आपल्या शिखराचा आकडा १.०४४ येतो. प्रमाण मिश्रणात आयकोसेनोएटचा आकडा १.०४८ आणि लिनोलेनेटचा १.०५७ आहे. आपले शिखर दोघांशीही जुळत नाही. आमच्या पद्धतीने याला "अनोळखी घटक, सापेक्ष रिटेंशन टाइम १.०४४" असे लिहून मोकळे व्हावे. संगणकाने यादीतले जवळचे नाव डकवले आहे, ते आधी काढून टाका.

घाणा_उदगीर

मध्येच बोलतो, माफी असावी. माझा उदगीरजवळ लाकडी घाणा आहे. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने माझ्या करडईच्या तेलाची तपासणी करून आणली. अहवालात लिनोलेनिक १.४ टक्के आले आणि त्याने मला सरळ भेसळखोर ठरवले. मी सोयाबीन तेलाला हात लावत नाही. आपल्या तेलात ते ०.३१ आहे, माझ्यात १.४ आहे. म्हणजे घाण्याच्या तेलात ते असतेच, असे मी त्याला सांगू का?

गोदाकाठ_नांदेड

मी अनेक वर्षे तेलबियांच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. उदगीरच्या दादांनी अजून कोणाला काही सांगू नये. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे मी नंतर येते.

वाळूजच्या सरांची पद्धत योग्य आहे, पण भाजक चुकीचा निवडला गेला आहे. औषधाच्या विश्लेषणात मुख्य शिखर सहसा नीट उभे राहते. येथे लिनोलिएट ७६ टक्के आहे. अरुंद कॉलमवर एकाच पदार्थाचा एवढा भार पडला की जीसीमध्ये शिखराची पुढची बाजू लांबत जाते, मागची बाजू कड्यासारखी तुटते आणि माथा उशिराकडे सरकतो. कुसुमताई, आपल्या क्रोमॅटोग्रामवर ते शिखर मोठे करून पाहा. चढ सावकाश आणि उतार एकदम सरळ दिसला, तर ही भाराचीच खूण समजा. आकडेही तेच सांगतात. प्रमाण मिश्रणाच्या तुलनेत स्टिअरेट ०.११ मिनिटाने, अरॅकिडेट ०.१२ ने आणि बेहेनेटही ०.१२ ने उशिरा आले आहे. लिनोलिएट मात्र ०.२६ ने उशिरा आले. लहान शिखरे एका चालीने सरकली आहेत. तो सरक त्या दिवशीच्या वायूच्या प्रवाहातील किंवा तापमानातील किरकोळ फरकाचा असावा. लिनोलिएटमधला जादा सरक त्याच्या स्वतःच्या भाराचा आहे. असा वाकलेला माथा भाजक म्हणून वापरला की सगळेच आकडे खोटे पडतात.

आता शेजारच्या आणि वादातल्या शिखराइतक्याच लहान असलेल्या अरॅकिडेटला १ धरा. वादातल्या शिखराचा आकडा १.०३२ येतो. प्रमाण मिश्रणात आयकोसेनोएटचा आकडा १.०३२ आहे आणि लिनोलेनेटचा १.०४०. दुसऱ्या रीतीने पाहायचे तर ३५.१५ मधून ०.१२ वजा केले की ३५.०३ उरतात आणि आयकोसेनोएट ३५.०२ वर आहे. म्हणजे हे शिखर बहुधा वीस कार्बन आणि एक द्विबंध असलेल्या आम्लाच्या एस्टरचे आहे. ते करडईत असणे स्वाभाविकच आहे. कोडेक्सच्या मानकात करडईच्या तेलासाठी आयकोसेनोइक ०.१ ते ०.३ टक्के आणि लिनोलेनिक फार तर ०.१ टक्के दिले आहे. आपले ०.३१ हे वरच्या कडेला टेकते, पण इतक्या लहान शिखराच्या क्षेत्रफळात पायारेषा कुठे ओढली यावरच तेवढा फरक पडतो.

"बहुधा" हा शब्द मी विचार करून वापरला आहे. एकाच कॉलमवर वेळ जुळणे ही ओळखीची फक्त एक बाजू आहे.

वाळूज_एचपीएलसी

भाजकाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे मुख्य शिखराचा भार पद्धत ठरवतानाच मर्यादेत ठेवलेला असतो, म्हणून हे डोक्यात आले नाही. पण मग नमुना दहापट पातळ करून पुन्हा चालवला तर लिनोलिएटचा माथा जागेवर येईल ना?

गोदाकाठ_नांदेड

लिनोलिएट जागेवर येईल, पण ०.३१ टक्क्याचे शिखर पायारेषेच्या खरखरीत बुडेल. म्हणून अशा तेलांसाठी दोन वेळा चालवणे बरे. मोठी शिखरे पातळ नमुन्यावर मोजावीत आणि लहान शिखरे दाट नमुन्यावर ओळखावीत. दोन्ही कशा वापरल्या ते प्रबंधात एका वाक्यात नोंदवावे.

कुसुम_परभणी

ताई, मनापासून आभार. चढ सावकाश आणि उतार सरळ आहे, अगदी आपण वर्णन केल्यासारखाच. दरम्यान मी दुसऱ्या एका ठिकाणाहून जीसी-एमएसही करून घेतले होते. त्यांच्या अहवालाने मात्र गोंधळ वाढवला आहे. त्यांनी त्या लहान शिखराच्या वर्णपटात m/z २९२ दाखवला आहे आणि "मिथाइल लिनोलेनेटचा रेणुभार २९२, म्हणून ओळख निश्चित" असा शेरा दिला आहे. आता वेळ एक सांगते आणि वस्तुमान दुसरे. कोणावर विश्वास ठेवावा?

प्राध्यापक_लातूर

वस्तुमान वर्णपटाचा पुरावा अधिक बळकट मानला जातो. रेणुभारच जुळत असेल, तर मला वाटते की वेळेचा आग्रह सोडावा.

गोदाकाठ_नांदेड

सर, येथे घाई नको. मिथाइल लिनोलेनेटचा रेणुभार २९२ आहे हे खरे. मिथाइल आयकोसेनोएटचा रेणुभार ३२४ आहे. एक द्विबंध असलेल्या मिथाइल एस्टरमधून मिथेनॉल निघून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि मिथेनॉलचे वस्तुमान ३२ आहे. ३२४ मधून ३२ गेले की २९२ उरतात. म्हणजे २९२ ही रेघ दोन्ही पदार्थांत दिसते. एकात ती संपूर्ण रेणूची असते, दुसऱ्यात तुटलेल्या रेणूची. त्या रेघेवरून या दोघांत निवड होऊच शकत नाही. ३२४ ची रेघ बहुतेक वेळा फार दुबळी असते, म्हणून लहान शिखरात ती नजरेतून सहज निसटते आणि २९२ हीच सर्वांत जड रेघ असल्याचा भास होतो.

खरा फरक हलक्या बाजूला दिसतो. तीन द्विबंध असलेल्या लिनोलेनेटमध्ये ७९ ची रेघ सर्वांत उंच असते, तिच्यासोबत ६७, ९५ आणि १०८ असतात. एकच द्विबंध असलेल्या आयकोसेनोएटमध्ये ५५ सर्वांत उंच असते, मग ६९, ८३, ९७ अशी चौदाच्या अंतराची रांग दिसते आणि ७४ हीदेखील चांगली उठून दिसते. आपल्या वर्णपटात सर्वांत उंच रेघ कोणती आहे? आणि आणखी एक, जो बहुधा निर्णायक ठरेल: त्या जीसी-एमएसमध्ये कॉलम कोणता होता आणि हे शिखर स्टिअरेटच्या आधी आले की नंतर?

कुसुम_परभणी

सर्वांत उंच रेघ ५५ आहे. त्यानंतर ६९, ८३ आणि ७४ आहेत. ७९ अगदीच लहान आहे. वर्णपटाचा उजवा कोपरा मोठा करून पाहिल्यावर ३२४ ला एक बारीक रेघ दिसते. कॉलम पाच टक्के फेनिल असलेला, कमी ध्रुवीय प्रकारचा होता. शिखर स्टिअरेटच्या बरेच नंतर आणि अरॅकिडेटच्या किंचित आधी आले आहे.

गोदाकाठ_नांदेड

मग ओळखीचा वाद येथे संपायला हरकत नाही. कमी ध्रुवीय कॉलमवर अठरा कार्बनचे सगळे एस्टर एकाच घोळक्यात येतात आणि द्विबंध असलेले तर स्टिअरेटच्याही आधी येतात. लिनोलेनेट असते तर ते त्या घोळक्यातच ओलिएटच्या अंगाला चिकटलेले असते. स्टिअरेट उलटून गेल्यावर अरॅकिडेटच्या जवळ येण्याचे त्याला कारण नाही. तेथे वीस कार्बनवालेच येतात. सायनोप्रोपिल कॉलमवर मात्र द्विबंधांमुळे लिनोलेनेट मागे खेचले जाते आणि वीस कार्बनवाल्यांत मिसळते. दोन कॉलमवरील क्रम, ५५ ची रेघ आणि ३२४ ची रेघ या सर्वांचे बोट एकाच दिशेला आहे.

एक मर्यादा मात्र लिहावी. या वर्णपटावरून द्विबंध साखळीत नेमका कोठे आहे हे सांगता येत नाही, कारण आयनीकरणानंतर द्विबंध साखळीत सरकत राहतो. म्हणून "११-आयकोसेनोएट" असे लिहू नये. "आयकोसेनोएट, द्विबंधाचे स्थान निश्चित केलेले नाही" असे लिहावे.

प्राध्यापक_लातूर

२९२ चा योगायोग माझ्या लक्षात आला नव्हता. मी माझे विधान मागे घेतो. पण मग भेसळीचे काय? ३५.१५ चे शिखर लिनोलेनेट नाही, एवढ्यावरून तेलात लिनोलेनेट नाही असे सिद्ध होत नाही. ते शेजारच्या शिखराच्या उतारात दडलेले असू शकते.

गोदाकाठ_नांदेड

अगदी रास्त शंका आहे. सायनोप्रोपिल कॉलमवर लिनोलेनेटची अपेक्षित जागा ३५.३१ अधिक ०.१२, म्हणजे ३५.४३ मिनिटे. तेथे पायारेषा सपाट आहे का ते पाहावे. पण "आढळले नाही" असे लिहिण्यापूर्वी ते असते तर दिसले असते, हे दाखवावे लागते. त्यासाठी आपल्याच एस्टरच्या नमुन्यात मिथाइल लिनोलेनेट इतकेच मिसळावे की त्याचे प्रमाण सुमारे ०.१ टक्के होईल, आणि नमुना पुन्हा चालवावा. ३५.१५ चे शिखर तसेच राहून ३५.४३ च्या आसपास नवे, सुटे शिखर उभे राहिले, तर दोन गोष्टी एका वेळी सिद्ध होतात. जुने शिखर लिनोलेनेट नव्हते, आणि ०.१ टक्का असते तर दिसले असते. याउलट जुनेच शिखर वाढले किंवा त्याला खांदा फुटला, तर मी वर लिहिलेल्या सगळ्याचा पुन्हा विचार करावा लागेल.

आता उदगीरचे दादा. आपल्या घाण्यावर जवस काढता का?

घाणा_उदगीर

हो, ताई. हिवाळ्यात जवस असतेच. त्या ग्राहकाचे तेल जवसाच्या घाणीनंतर लगेच काढले होते की काय, ते आता नक्की आठवत नाही. पण उखळ पुसून घेतो, धूत नाही. अहवालात पामिटिक ६.६ आणि लिनोलिक ७५ टक्के आहे.

गोदाकाठ_नांदेड

जवसाच्या तेलात लिनोलेनिक साधारण निम्म्याहून अधिक असते, सोयाबीनमध्ये सुमारे सात टक्के धरू. १.४ टक्के लिनोलेनिक येण्यासाठी जवसाचे तेल अडीच टक्क्यांच्या आसपास पुरते. दहा किलो तेलात ते पाव किलो झाले. उखळीत आणि पेंडीत तेवढे राहून जाणे अशक्य नाही. तेच सोयाबीनमधून यायचे तर वीस टक्के सोयाबीन तेल लागेल. तेवढे मिसळले तर ७६ टक्क्यांचे लिनोलिक ७१ च्या जवळ उतरते आणि पामिटिक ६.७ वरून साडेसातच्या आसपास चढते. आपल्या अहवालात तसे दिसत नाही, त्यामुळे जवसाकडे झुकते माप जाते.

पण हे झुकते मापच आहे. ६.६ आणि ७.५ हे दोन्ही आकडे शुद्ध करडईच्या मर्यादेत बसतात, त्यामुळे आपल्याच करडईच्या बियांचे, स्वच्छ धुतलेल्या घाण्यावर काढलेले तेल शेजारी ठेवल्याशिवाय तुलना पक्की होत नाही. आणि सर्वांत आधी हे विचारा की अहवालातले १.४ टक्क्यांचे शिखर खरोखर लिनोलेनेटच आहे का. तेथेही नावांची यादी अपुरी असू शकते. कुसुमताईंच्या ०.३१ शी आपल्या १.४ ची तुलना करता येत नाही, कारण ते दोन वेगळे पदार्थ असण्याची शक्यता मोठी आहे.

घाणा_उदगीर

समजले. पण ताई, जवसाचेच असले तरी कागदावर ती भेसळच धरतात का? ग्राहक तेच म्हणेल.

प्राध्यापक_लातूर

क्रोमॅटोग्राम हेतू सांगत नाही, दादा. तेल कसे मिसळले गेले, हे त्यात लिहिलेले नसते. पण आपण करडईचे म्हणून विकता त्या तेलात अडीच टक्के जवस असेल, तर ग्राहकाची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे.

गोदाकाठ_नांदेड

माझे मत थोडे वेगळे आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही. जवसानंतरची करडईची पहिली घाणी वेगळी काढून ठेवावी, एवढे तरी दादांना लगेच करता येईल.

कुसुम_परभणी

लिनोलेनेट मिसळून नमुना पुन्हा चालवून घेतला. ३५.१६ ला जुने शिखर तेवढेच राहिले आणि ३५.४४ ला नवे, सुटे शिखर आले. आता परिच्छेद असा लिहिला आहे:

"अरॅकिडेटनंतर ३५.१५ मिनिटांना एक लहान शिखर दिसले, त्याचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या ०.३१ टक्के होते. अरॅकिडेटच्या तुलनेत त्याचा सापेक्ष रिटेंशन टाइम १.०३२ आला आणि तो प्रमाण मिश्रणातील मिथाइल आयकोसेनोएटशी जुळला. कमी ध्रुवीय कॉलमवर हे शिखर स्टिअरेटनंतर, अरॅकिडेटच्या किंचित आधी आले. त्याच्या वर्णपटात m/z ५५ सर्वाधिक उंच असून ३२४ आणि २९२ येथेही रेघा आढळल्या. यावरून हे शिखर मिथाइल आयकोसेनोएटचे ठरवले, द्विबंधाचे स्थान निश्चित केलेले नाही. ०.१ टक्का मिथाइल लिनोलेनेट मिसळल्यावर ३५.४४ मिनिटांना स्वतंत्र शिखर दिसले. न मिसळलेल्या नमुन्यात त्या जागी शिखर नव्हते. त्यामुळे नमुन्यात सोयाबीनची भेसळ नाही."

वाळूज_एचपीएलसी

उत्तम. आमच्या अहवालांतही इतके स्पष्ट कोणी लिहीत नाही.

गोदाकाठ_नांदेड

शेवटचे वाक्य बदला, बाकी मला पटले. ०.१ टक्का लिनोलेनिक म्हणजे सोयाबीन तेल जवळपास दीड टक्का. त्याच्या खाली असेल तर या पद्धतीला ते कळणार नाही. शिवाय लिनोलेनिक नसलेली, किंवा अगदी किंचित असलेली तेलेही मिसळली जातात. सरकीचे तेल असते तर पामिटिक वर गेले असते, पामोलीन असते तर आणखीच. आपल्याकडे ते ६.७ आहे, तेव्हा मोठ्या प्रमाणातली ती भेसळ नाही. पण सूर्यफुलाच्या तेलाबद्दल या आकड्यांवरून फारसे काही बोलता येत नाही, कारण त्याची मेदाम्ले करडईच्या फार जवळची आहेत. म्हणून "सुमारे दीड टक्क्याहून अधिक सोयाबीन तेल असल्याचे दिसून आले नाही" इतकेच लिहा.

प्राध्यापक_लातूर

मी "मिथाइल आयकोसेनोएटचे ठरवले" याऐवजी "तात्पुरते ठरवले" असे सुचवीन. आयकोसेनोएटचे शुद्ध प्रमाण नमुन्यात मिसळून पाहिलेले नाही, फक्त लिनोलेनेट मिसळले आहे.

गोदाकाठ_नांदेड

दोन वेगळ्या कॉलमवरील जागा आणि रेणुभार जुळल्यावर "तात्पुरते" हा शब्द मला जास्त सावध वाटतो. मार्गदर्शकांना विचारा, कुसुमताई. त्यांनी आग्रह धरला तर आयकोसेनोएटही मिसळून एकदा चालवून घ्या, म्हणजे त्या शब्दाची गरज उरणार नाही.